बारच्या डोक्यावरची ती काडी: सर्वेच्या चार्टमध्ये एरर बार असा दाखवा की लोकांना कळेल

पाण्याच्या सर्वेचा चार्ट भिंतीवर लावला होता. चार वॉर्ड, चार बार आणि प्रत्येक बारच्या डोक्यावर एक बारीक काळी काडी, वर आणि खाली छोटी आडवी टोपी असलेली. वॉर्ड दोनमधले एक काका पुढे आले, काडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, म्हणजे आमच्याकडे कधी चाळीस टक्के घरांना पाणी येतं आणि कधी छप्पन्न टक्के, असंच ना?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "नाही हो काका, तेवढं मोजताना चुकलंय त्यांचं, खाली एरर लिहिलंय बघा." आणि मागून वॉर्ड चारचा एक मुलगा आनंदाने म्हणाला की काडीचं जाऊ दे, आमचा वॉर्ड पहिला आलाय.

तीन माणसं, तीन अर्थ आणि तिन्ही चुकीचे. पण यात त्यांची काही चूक नव्हती. चार्टवर ती काडी काय आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, खाली फक्त "एरर बार: ९५% सीआय" एवढंच होतं, आणि हे वाचून कळेल असा माणूस त्या हॉलमध्ये बहुतेक मी एकटीच होते. तेव्हापासून सर्वेचा चार्ट करताना मी त्या काडीवर बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ घालवते, तेच इथे नीट सांगते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून घेतलेत, गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

तर सर्वे असा होता. मालमत्ता कराच्या यादीतून चिठ्ठ्या काढून घरं निवडली आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला, गेल्या सात दिवसांत नळाला रोज पाणी आलं का? वॉर्ड एकमध्ये १५० पैकी ९० घरं हो म्हणाली, म्हणजे ६० टक्के. वॉर्ड दोनमध्ये १५० पैकी ७२, म्हणजे ४८ टक्के. वॉर्ड तीनमध्ये १५० पैकी ८१, म्हणजे ५४ टक्के. वॉर्ड चार लहान आहे, तिथे वेळही कमी मिळाला, म्हणून फक्त ४० घरं झाली आणि त्यातली २६ हो म्हणाली, ६५ टक्के.

आता काडी म्हणजे काय. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, सर्वे म्हणजे शब्दशः तेच. सगळं पातेलं कोणी खाऊन बघत नाही, चार शितं काढून दाबून बघतो. पण चारच शितं काढली तर अंदाज थोडा इकडेतिकडे होणार, चाळीस काढली तर कमी होणार, चारशे काढली तर अजून कमी. काडी एवढंच सांगते की आपण जेवढी शितं काढली त्यावरून भाताबद्दल किती खात्रीने बोलता येतं. ती पाण्याबद्दल काही सांगत नाही, पाणी कधी कमी येतं कधी जास्त येतं याच्याशी तिचा संबंध नाही, ती आपल्या माहितीबद्दल सांगते. काकांचा गैरसमज नेमका इथे होता आणि तो फार कॉमन आहे, कारण बाकी सगळ्या ठिकाणी अशी वरखाली रेघ दिसली की ती खरंच वरखाली होणाऱ्या गोष्टीची असते, शेअर बाजाराचा भाव घ्या किंवा दिवसाचं कमाल-किमान तापमान घ्या.

वहिनींचा गैरसमज "एरर" या शब्दामुळे झाला. हा शब्द चार्टवर ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. सर्वेवाल्यांनी चूक केली असाच त्याचा अर्थ लोक लावतात, आणि लावणारच, इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगाही तेच समजेल. सगळं शंभर टक्के नीट केलं तरी काडी येतेच, कारण ती फक्त सगळी घरं विचारली नाहीत म्हणून येते.

काडीची लांबी काढायचा हिशोब लहान आहे. टक्केवारी अपूर्णांकात घ्यायची, वॉर्ड एकसाठी ०.६०. त्याला उरलेल्याने, म्हणजे ०.४०ने गुणायचं, ०.२४ आलं. त्याला घरांच्या संख्येने भागायचं, ०.२४ भागिले १५०, म्हणजे ०.००१६. याचं वर्गमूळ ०.०४, म्हणजे ४ टक्के, याला स्टँडर्ड एरर म्हणतात. ९५ टक्क्यांच्या काडीसाठी त्याला १.९६ ने गुणलं की ७.८ आलं, गोल करून ८. म्हणून वॉर्ड एकची काडी ६० च्या वर ८ आणि खाली ८, म्हणजे ५२ ते ६८. तसंच वॉर्ड दोनची ४० ते ५६, वॉर्ड तीनची ४६ ते ६२. आणि वॉर्ड चारमध्ये घरं फक्त ४०, त्यामुळे काडी सरळ १५ ची निघते, ५० ते ८०.

घरांची संख्या वर्गमुळाच्या आत बसलेली आहे हे लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच काडी अर्धी करायची असेल तर दुप्पट नाही, चौपट घरं विचारावी लागतात. हजार लोकांच्या ओपिनियन पोलला अधिक-उणे ३ टक्के असतं ते इथूनच येतं, आणि दोन हजार लोक घेतले तरी ते दीड होत नाही, दोनच्या थोडं वरच राहतं.

(एक छोटी अडचण. टक्केवारी शंभराजवळ किंवा शून्याजवळ असली आणि घरं कमी असली की हा साधा हिशोब फसतो. ४० पैकी ३९ घरं हो म्हणाली तर काडी ९३ ते १०२ येते, आणि १०२ टक्के घरांना पाणी येऊ शकत नाही. अशा वेळी विल्सनचं सूत्र वापरायचं, १९२७ चं आहे, ते ८७ ते जवळपास १०० असं शहाणपणाचं उत्तर देतं. काडी शंभरच्या वर किंवा शून्याच्या खाली गेलेली दिसली तर समजायचं की कोणीतरी साधं सूत्र नको तिथे लावलंय.)

मग ते ९५ टक्के कशाचे? समजा वॉर्ड एकमध्ये त्याच आठवड्यात शंभर वेगवेगळ्या टीम गेल्या, प्रत्येकीने आपापल्या चिठ्ठ्या काढून आपापली १५० घरं निवडली. कोणाचे ५७ टक्के येतील, कोणाचे ६३, एखादीचे ५० पण येतील. प्रत्येक टीम आपल्या आकड्याभोवती आपली काडी काढेल. या शंभर काड्यांपैकी साधारण ९५ काड्यांच्या आत वॉर्डाचा खरा आकडा सापडेल आणि पाचेक काड्या हुकतील. आपली टीम त्या शंभरातली एक आहे आणि आपली काडी ९५ मधली की ५ मधली, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. नव्वदपेक्षा जास्त वेळा बरोबर येणाऱ्या पद्धतीने काढलीय, एवढंच म्हणता येतं.

हे सगळं चार्टखाली लिहायला गेलं तर कोणी वाचणार नाही. मी चार्टवर असं लिहिते: "वॉर्डातलं प्रत्येक घर विचारलं असतं तर आकडा बहुतेक या पट्ट्यात कुठेतरी निघाला असता." स्टॅटिस्टिक्स शिकलेले काही मित्र यावर नाक मुरडतात, त्यांच्या मते काटेकोर अर्थ हा नाही, आणि त्यांचं म्हणणं खरंय. पण हे वाक्य वाचणारा माणूस चुकीचा निर्णय घेत नाही, माझ्यासाठी ते महत्त्वाचं. फक्त "९५ टक्के शक्यता आहे" असं मी लिहीत नाही, कारण त्या चार्टवर बाकी सगळे टक्के घरांचे असतात आणि हा एकच टक्का वेगळ्या जातीचा, लोक लगेच गोंधळतात. एक वहिनी खरंच म्हणाल्या होत्या, "मग ९५ टक्के घरांना पाणी येतं असं लिहिलंय की इथे."

अजून एक गोष्ट चार्ट करणारेच लपवतात, बहुतेक नकळत. त्याच आकाराची काडी तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी काढतात. कोणी एक स्टँडर्ड एरर काढतं, मग वॉर्ड एकची काडी ५६ ते ६४ एवढीच दिसते, छान नेटकी. कोणी ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे चार्टखालचं ते सीआय, काढतं, मग तीच ५२ ते ६८. आणि कोणी स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे एकेक उत्तर सरासरीपासून किती पसरलंय ते, काढतं, जे हो-नाही प्रश्नाला लावलं तर काडी ११ ते १०९ अशी येते, तिला काहीच अर्थ नाही. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून कुठल्याही रिपोर्टमध्ये काडी दिसली आणि ती कशाची हे लिहिलेलं नसलं तर तिच्यावरून काही ठरवू नका, आधी विचारा.

आता चित्राकडे येते.

बार या आकारातच एक खोट आहे. बार खालून भरलेला असतो, त्यामुळे काडीचा खालचा अर्धा भाग रंगात बुडतो आणि वरचा अर्धा मोकळ्या जागेत उभा राहतो. डोळ्याला वाटतं की बारच्या आतला भाग "पक्का" आणि वरचा "कदाचित". जॉर्ज न्यूमन आणि ब्रायन शॉल यांनी २०१२ मध्ये प्रयोग करून हेच दाखवलं, सरासरी बारने दाखवली की लोकांना बारच्या आतले आकडे तेवढ्याच अंतरावरच्या बाहेरच्या आकड्यांपेक्षा जास्त शक्य वाटतात. आपल्या हिशोबात ५६ आणि ६४ दोन्ही ६० पासून सारखेच लांब आहेत, पण बार बघणारा ५६ ला "आत आहे, धरून चालू" म्हणतो आणि ६४ ला "बाहेर गेलं" म्हणतो. वॉर्ड चारच्या मुलाच्या डोक्यातही हेच होतं, त्याला भरलेला बार ६५ पर्यंत पोचलेला दिसत होता, ५० पर्यंत खाली उतरलेली काडी हिरव्या रंगात बुडाली होती.

म्हणून मी बार काढूनच टाकते. त्याच्या जागी मधल्या आकड्याला एक ठळक ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक रुंद फिकट पट्टा. काळी बारीक काडी नाही, टोप्या तर अजिबात नाहीत. टोप्यांमुळे काय होतं, दोन्ही टोकं भिंतीसारखी वाटतात, ५२ ला कडा, ५१ अशक्य, असं काही नसतं. पट्टा कडेकडे फिकट होत गेला तर अजून चांगलं, ठिपक्याजवळचे आकडे टोकाच्या आकड्यांपेक्षा जास्त पटण्यासारखे असतात हे न सांगता दिसतं. पण हा चार्ट शेवटी झेरॉक्स होऊन नोटीस बोर्डावर लागणार असेल तर फिकट होणारा रंग झेरॉक्समध्ये गायब होतो, तेव्हा एकसारखा राखाडी पट्टाच ठेवा.

आणि आडवं काढा. वॉर्डाचं नाव डावीकडे, पट्टा उजवीकडे पसरलेला. मोबाईलवर उभ्या चार्टमध्ये नावं तिरकी होतात आणि आकडे एकमेकांवर चढतात, आडव्यात प्रत्येक ओळीला श्वास घ्यायला जागा असते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आकडे लिहा, ५२ आणि ६८, ठिपक्यावर ६०. दशांश नको. ६०.३ लिहिलं आणि शेजारी अधिक-उणे ८ असलं तर तो .३ कशासाठी? वॉर्डाच्या नावाखाली छोट्या अक्षरात "१५० घरं विचारली" हे लिहायचंच, आणि वॉर्ड चारखाली "४० घरं विचारली". पट्टा तिथे एवढा लांब का आहे याचं उत्तर त्याच ओळीत मिळतं आणि लोकांना ते समजवावंच लागत नाही, कमी घरं विचारली तर कमी खात्री, हे प्रत्येकाला आपलं आपण कळतं.

जे वाक्य पट्टा म्हणजे काय ते सांगतं, ते चित्राच्या आतच पाहिजे. खाली वेगळ्या ओळीत दिलं की व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त चित्र जातं आणि अर्थ मागे राहतो. मी सगळ्यात वरच्या ओळीच्या पट्ट्याकडे एक बाण काढून तिथेच ते वाक्य लिहिते, फक्त एकदाच, बाकी तीन पट्टे लोक आपोआप तसेच वाचतात.

वॉर्ड चारसारखी लहान संख्या आली की काय करायचं हा प्रश्न मोठ्या सर्वेवाल्यांनाही पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या जिल्हावार फॅक्टशीटमध्ये काही आकडे कंसात छापलेले दिसतात. कंस म्हणजे तो आकडा फक्त २५ ते ४९ जणांच्या उत्तरांवर उभा आहे, आणि २५ पेक्षाही कमी असतील तर आकडाच देत नाहीत, नुसती चांदणी टाकतात. आपला वॉर्ड चार तिथे कंसात गेला असता. बातम्या करताना ते कंस गळून पडतात आणि आपला जिल्हा राज्यात पहिला अशी हेडलाईन होते, मला याचं खूप वाईट वाटतं कारण ज्यांनी सर्वे केला त्यांनी इशारा छापलेला होता.

आता खरा वादाचा मुद्दा. दोन काड्या एकमेकींवर आल्या म्हणजे फरक नाही, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, शिकलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. ते बरोबर नाही.

उलटं मात्र चालतं, म्हणजे ९५ टक्क्यांच्या दोन काड्या अजिबात एकमेकींवर येत नसतील तर त्या दोघांत फरक आहे असं धरायला हरकत नाही. पण थोड्या एकमेकींवर आल्या तर काड्यांवरून निकाल देता येत नाही. वॉर्ड एक ५२ ते ६८, वॉर्ड दोन ४० ते ५६. ५२ ते ५६ हा तुकडा दोघांत सामायिक आहे. मग फरक नाही म्हणायचं का?

शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. वॉर्ड एकच्या अंदाजात ८ ची अनिश्चितता आहे, वॉर्ड दोनच्या अंदाजातही ८ ची. दोघांतला फरक काढला तर अनिश्चितता १६ होत नाही, कारण एकाचा अंदाज पूर्ण वर सरकलाय आणि नेमका त्याच वेळी दुसऱ्याचा पूर्ण खाली, हा योग क्वचित येतो. त्या दोन बाजू काटकोनात ठेवायच्या आणि कर्ण मोजायचा. ८ चा वर्ग ६४, दोन्ही मिळून १२८, वर्गमूळ सुमारे ११. फरक आहे ६० वजा ४८ म्हणजे १२, आणि त्याचा पट्टा १२ च्या दोन्ही बाजूंना ११, म्हणजे साधारण १ ते २३. शून्य त्यात येत नाही. म्हणजे वॉर्ड एकमध्ये वॉर्ड दोनपेक्षा जास्त घरांना रोज पाणी येतं असं म्हणायला आधार आहे, जेमतेम आहे पण आहे, आणि काड्या तर एकमेकींवर चढलेल्या होत्या. दोन काड्या नुसत्या बघणारा नकळत १६ ची मागणी करत असतो, म्हणून तो चुकतो.

वॉर्ड चार आणि वॉर्ड एकचं बघा. फरक ५ चा, कर्ण १५ आणि ८ चा, म्हणजे १७. तर वॉर्ड चार हा वॉर्ड एकच्या १२ ने मागेही असू शकतो आणि २२ ने पुढेही. "पहिला आला" म्हणायला इथे काहीच आधार नाही.

म्हणून ज्या मीटिंगमध्ये लोकांना तुलनाच करायची असते, आणि वॉर्डांच्या मीटिंगमध्ये तेच असतं, तिथे फक्त चार वॉर्डांचे पट्टे दाखवून लोकांना मनातल्या मनात वजाबाकी करायला लावू नका. फरकाचाच वेगळा चार्ट द्या. मधोमध शून्याची उभी रेघ, डाव्या बाजूला "कमी", उजव्या बाजूला "जास्त", आणि प्रत्येक जोडीचा एक पट्टा. पट्टा रेघेच्या पूर्ण एका बाजूला असेल तर फरक दिसतोय, रेघेवर बसलेला असेल तर या सर्वेवरून सांगता येत नाही. हे वाचायला कोणाला काही शिकवावं लागत नाही. फक्त सगळ्याच्या सगळ्या जोड्या टाकू नका. चार वॉर्डांच्या सहा जोड्या होतात, दहा वॉर्डांच्या पंचेचाळीस, आणि एवढ्या जोड्या तपासल्या तर दोन-तीन पट्टे निव्वळ योगायोगाने रेघेच्या बाहेर दिसतील. ज्या तुलनेसाठी सर्वे केला होता तेवढ्याच दाखवा, आणि त्या सर्वे व्हायच्या आधी ठरवा.

एक्सेलबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण ९० टक्के गोंधळ मी तिथे होताना बघितलाय. चार्ट सिलेक्ट करून एरर बार जोडायला गेलं की `Standard Error` असा पर्याय समोर येतो, नाव ओळखीचं, माणूस क्लिक करतो, काड्या येतात, काम झालं. पण एक्सेलला तुमच्या वॉर्डात किती घरं विचारली ते माहीतच नाही. त्याच्याकडे फक्त ६०, ४८, ५४, ६५ हे चार आकडे आहेत, तो त्या चार आकड्यांवरूनच काहीतरी काढतो आणि सगळ्या बारना एकाच लांबीची काडी चिकटवतो. ओळखायची खूण हीच, ज्या चार्टमध्ये १५० घरांच्या वॉर्डाची काडी आणि ४० घरांच्या वॉर्डाची काडी अगदी सारखी आहे, तो चार्ट असाच झालाय. `Percentage` हा पर्यायही तसाच निरर्थक, तो प्रत्येक आकड्याच्या ५ टक्के घेतो, त्याचा सर्वेशी काही संबंध नाही.

बरोबर रस्ता असा. `B` कॉलममध्ये टक्केवारी, `C` मध्ये घरांची संख्या, आणि `D` मध्ये हे:

```
=1.96*SQRT(B2*(1-B2)/C2)
```

मग एरर बारच्या ऑप्शनमध्ये `Custom`, `Specify Value`, आणि वर-खाली दोन्ही ठिकाणी `D` कॉलम निवडायचा. `B` मध्ये 60% किंवा 0.6 असं हवं. नुसतं 60 टाकलंत तर `#NUM!` येईल कारण वर्गमुळाच्या आत उणे आकडा जातो, आणि हे एका अर्थी चांगलंच आहे, चूक लपत तरी नाही.

एवढं सगळं नीट केलं तरी पट्टा जे सांगत नाही ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून पुन्हा भाताकडे येते. शितं किती काढली एवढंच पट्ट्याला कळतं. पातेलं ढवळलं होतं का, हे त्याला कळत नाही.

समजा चिठ्ठ्या काढण्याऐवजी टीमने सोयीसाठी वॉर्डातल्या दहा गल्ल्या निवडल्या आणि प्रत्येक गल्लीतली पंधरा घरं विचारली. घरं १५० च झाली, सूत्र तेच, पट्टाही तेवढाच, अधिक-उणे ८. पण पाणी गल्लीला येतं, व्हॉल्व्ह उघडला की सगळ्या गल्लीला येतं आणि नाही उघडला की कोणालाच नाही. पहिल्या तीन घरांनी हो म्हटलं की पुढची बारा काय म्हणणार हे जवळजवळ कळलेलंच असतं, त्यांना विचारून नवीन फारसं मिळत नाही. म्हणजे नावाला १५० घरं, कामाची त्याहून खूप कमी. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. तो २ निघाला तर १५० घरांची किंमत ७५ घरांएवढी उरते आणि पट्टा ८ चा ११ होतो. मग वॉर्ड एक आणि दोनमधला फरक १२ च्या दोन्ही बाजूंना १६ होतो, शून्य आत येतं, आणि वर आपण जो निष्कर्ष काढला तो हातातून जातो. म्हणून घरं कशी निवडली हे चार्टच्या कोपऱ्यात एका ओळीत लिहिलंच पाहिजे, आणि गल्ल्या निवडल्या असतील तर साधं सूत्र वापरू नये.

आणि पातेल्याच्या वरवरचीच शितं काढली तर मग किती काढली याने काहीच फरक पडत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज घ्यायला साधारण एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २३-२४ लाख परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. एवढ्या उत्तरांवर साध्या सूत्राने काडी काढली तर ती अधिक-उणे ०.०६ टक्के येते, चार्टवर दिसणारसुद्धा नाही. निवडणूक रूझवेल्टने सुमारे ६१ टक्के मतांनी जिंकली. नावं टेलिफोनच्या यादीतून, गाडीवाल्यांच्या यादीतून घेतली होती, त्या मंदीच्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे होती हे उघड आहे, आणि ज्यांनी उत्तरं पाठवली तेही सगळ्यांसारखे नव्हते. आपल्या सर्वेत याचं रूप साधं असतं, टीम सकाळी अकराला जाते, नवरा-बायको दोघं कामाला जाणाऱ्यांच्या दाराला कुलूप, आणि जी घरं उघडी ती विचारली जातात. किती घरं बंद होती हा आकडाही मी आता चार्टखाली देते. पट्टा रुंद करून ही गोष्ट भरून निघत नाही, ती वेगळीच सांगावी लागते.

पुढच्या मीटिंगला नवीन चार्ट लावला, आडवा, ठिपके आणि पट्टे, आणि त्याच्या शेजारी फरकाचा छोटा चार्ट. लावायच्या आधी मी नेहमी दोन-तीन जणांना दाखवते आणि "कळलं का" असं विचारत नाही, कारण कळलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. मी विचारते, "चार नंबरला बरोबर ६५ टक्के घरांना पाणी येतं असं हा चार्ट म्हणतोय का?" उत्तर "नाही, पन्नास ते ऐंशीत कुठेतरी" असं आलं की चार्ट तयार.

काका परत आले होते. ते बराच वेळ फरकाच्या चार्टसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एक नंबरला आमच्यापेक्षा जास्त घरांना पाणी मिळतं एवढं तरी धरायचं ना?"

मी म्हटलं, "हो काका, धरा. किती जास्त ते मात्र सांगता येत नाही, एक टक्काही असेल, वीसही असेल."

"आणि चार नंबरचं?"

"त्यांचं अजून काहीच नाही सांगता येत. पट्टा बाकीच्यांएवढा व्हायला तिथे एकूण १३७ च्या आसपास घरं लागतील, झालीत चाळीस."

वॉर्ड चारचा तो मुलगा मागेच उभा होता. त्याने कराच्या यादीची झेरॉक्स मागितली आणि विचारलं, चिठ्ठ्या काढताना आधीची चाळीस घरं बाजूला काढायची का. काढायची, म्हटलं, आणि जायचं संध्याकाळी सातनंतर.